बदलाचे कारण नोकरीतच दाखवा

कॅनडाच्या स्टुडंट व्हिसासाठी लिहिलेल्या तुमच्या उद्देशपत्राचा मसुदा वाचला. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या सहा वर्षांच्या नोकरीला दोन ओळी आणि विद्यापीठाच्या स्तुतीला अख्खे पान, हे प्रमाण उलटे हवे. मेकॅनिकल अभियंत्याला आता सप्लाय चेन का शिकायची आहे आणि शिकून झाल्यावर तो परत जाईल का, हे कॅनडाच्या व्हिसा अधिकाऱ्याला पटावे लागते.

‘लहानपणापासूनची आवड’ काढून टाका. ती असती तर सहा वर्षे थांबला नसता, असेच अधिकारी म्हणेल. त्याऐवजी २०२२ मध्ये उत्पादनातून खरेदी विभागात बदली झाल्यावर सुटे भाग उशिरा येऊन यंत्रे कशी थांबत, तुम्ही एक्सेलमध्ये साठ्याचा अंदाज कसा बांधलात आणि मागणी अनियमित झाली की तो का चुकू लागला, हे क्रमाने लिहा. मग त्या उणिवेवर नेमके बोट ठेवणारे दोन विषय अभ्यासक्रमातून निवडा. संपूर्ण यादी नको.

नवशिके दोन ठिकाणी हमखास चुकतात.

- जुन्या क्षेत्राला कंटाळल्याचे लिहितात.
- ‘भारतात भरपूर संधी आहेत’ एवढ्यावर परतीचा मुद्दा संपवतात. बडोद्याजवळच्या हालोल पट्ट्यातल्या कोणत्या प्रकारच्या कारखान्यात, कोणत्या पदावर रुजू व्हायचे, ते लिहा.

बदलीचे पत्र जोडा आणि त्यातली तारीख अनुभवपत्राशी ताडून पाहा. पैशांचा तपशील नंतर पाहू.