भाजीच्या पोस्टमध्ये कुठले इमोजी टाळायचे?

आमचं भाजी घरपोच द्यायचं पेज आहे, वांग्याचा इमोजी टाकला की खाली लोक हसतात, नक्की कुठले इमोजी टाकू नयेत?

🍆 म्हणजे पुरुषाचं लिंग आणि 🍑 म्हणजे पार्श्वभाग, हे दोन तर आता जगभर ठरूनच गेलेत, इन्स्टाग्रामने 2015 मध्ये 🍆 चा हॅशटॅग सर्चमधून काढला होता आणि 2016 मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या बीटा व्हर्जनमध्ये 🍑 खऱ्या फळासारखं केलं तर लोकांनी एवढी ओरड केली की जुना आकार परत आणावा लागला. 🍌 आणि 🍒 पण त्याच लाइनीतले, आणि 🌽 टिकटॉकवाल्यांनी पॉर्नसाठी वापरून वापरून रूढ केलाय.

पण खरा घोटाळा जोडीने होतो. समजा तुम्ही लिहिलंत "मोठी, ताजी वांगी आली 🍆💦", तुम्हाला थेंब म्हणजे धुतलेली भाजी म्हणायचंय, पण 💦 चा अर्थ वीर्य असा घेतात आणि वर "मोठी" शब्द, मग कॉमेंटमध्ये दुसरं काय येणार! इथे 💦 आणि 🍆 दोन्ही काढा, "भरल्या वांग्यांसाठी काटेरी वांगी आलीत, पाव किलोपासून" असं लिहा आणि टोपलीचा फोटो लावा, तसंही तो लांबडा जांभळा इमोजी आपल्या काटेरी वांग्यासारखा दिसतच नाही.

पोस्ट करायच्या आधी मजकूर झाकून नुसते इमोजी ओळीने बघा आणि ऑफिसमधल्या विशीतल्या कुणाला तरी दाखवा, तो हसला तर बदला. 🥕🍅🥬 बिनधास्त वापरा, फक्त शेजारी 😏 किंवा 👅 नको.