फोटोखालची ओळ आधी लिहा

प्रश्न: जास्त पाण्यामुळे कुंडीतली झाडं कशी मरतात, यावर लेख लिहिलाय. सोबत झारीने पाणी घालणाऱ्या हसऱ्या बाईचा स्टॉक फोटो लावला. मैत्रीण म्हणते, तो काहीच सांगत नाही. मग कोणता लावू?

मैत्रिणीचं बरोबर आहे. तो फोटो 'झाडांना नियमित पाणी घाला' या लेखातही तसाच चालेल. दोन उलट सल्ल्यांना चालणारा फोटो मी काढूनच टाकते. वाचकांची नजर कुठे फिरते ते तपासून वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २०१० मध्ये लिहिलं होतं, की निव्वळ सजावटीचे फोटो लोक ओलांडून जातात आणि माहिती देणारे फोटो निरखून पाहतात.

फोटो शोधण्याआधी त्याच्या खालची ओळ लिहा. तुमच्या लेखात ती अशी होईल: 'सडलेली मुळं तपकिरी आणि लिबलिबीत असतात, निरोगी मुळं फिकट आणि टणक.' ओळ लिहिली की काय हवं ते आपोआप ठरतं. कुंडीतून काढलेली दोन झाडं, माती झटकलेली, मुळं शेजारी शेजारी.

इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. याच विषयावर मी माना टाकलेल्या झाडाचा फोटो लावला होता. फोटो खरा होता, मीच काढलेला. पण मुळं सडली की ती पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे जास्त पाण्याने आजारी पडलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. एका वाचकाने तो फोटो पाहून आपल्या झाडाला आणखी पाणी घातलं. म्हणजे फोटो अस्सल असून भागत नाही; ज्या फरकावर तुमचा मुद्दा उभा आहे, तो फरक त्यात दिसला पाहिजे.

जोडीचे फोटो काढताना झाड एकाच जातीचं घ्या, कारण काही झाडांची मुळं मुळातच गडद असतात. प्रकाश, अंतर आणि मागचा साधा कागदही तोच ठेवा. एक फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलात, तर निरोगी मुळंही तपकिरी वाटतील आणि तुलना खोटी ठरेल. मग मुळांपुरता भाग कापून घ्या. अख्खं झाड ठेवलं तर नजर पानांवरच जाते.

पाणी कुंडीच्या तळाशी का साचून राहतं, हे मात्र फोटोत येणार नाही. तिथे कुंडीचा उभा छेद दाखवणारी साधी रेखाकृती काढा: खालचा ओला थर गडद, वरचा फिकट. बाणांची गर्दी नको, आणि नावं त्या त्या थरावरच लिहा.

शेवटी लेख न वाचलेल्या कुणाला तरी ओळ झाकून फक्त फोटो दाखवा आणि काय दिसतं ते विचारा. 'दोन झाडं' असं उत्तर आलं तर आणखी जवळून काढा. 'हे कुजलंय' असं आलं, की लावून टाका.