रात्रीची दुधाची बाटली आणि वरचे चार दात

“मुलगा वीस महिन्यांचा आहे. बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही आणि पहाटे पुन्हा मागतो. दात किडतील असे सगळे सांगतात. सवय कशी सोडवू?”

आधी दात पाहून घ्या. दिवसाच्या उजेडात त्याला मांडीवर आडवे घेऊन वरचा ओठ बोटाने हलकेच उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर कीड थांबवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसू लागला की मात्र दंतवैद्याकडे जाण्यात दिवस घालवू नयेत. बाटलीमुळे लागणारी कीड बहुधा वरच्या पुढच्या चार दातांपासून सुरू होते, कारण चोखताना खालच्या दातांवर जीभ येते आणि तिथे लाळही अधिक असते. झोपेत लाळ कमी होते, गिळणे मंदावते आणि दूध दातांभोवती साचून राहते. त्यातल्या साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात. म्हणून साखर न घातलेले दूधही इथे सुरक्षित नाही, आणि साखर घालत असाल तर ती आधी बंद करा.

सवय सोडवताना दूध तोडायचे नाही, त्याची वेळ हलवायची. जेवणानंतर, दात घासण्यापूर्वी, त्याला बसवून फुलपात्रातून दूध द्या. मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दात तुम्ही स्वतः घासा. त्यानंतर फक्त पाणी.

तो एकदम ऐकणार नाही हे गृहीत धरून बाटलीतले दूध पातळ करत न्या. समजा, बाटली १८० मिलीची आहे. पहिल्या दोन-तीन रात्री १५० मिली दूध आणि ३० मिली उकळून गार केलेले पाणी द्या, पुढच्या दोन-तीन रात्री १२० आणि ६०, असे करत सुमारे दोन आठवड्यांत बाटलीत नुसते पाणी उरेल. पुष्कळ मुलांचा बाटलीतला रस त्याआधीच संपतो. पहाटेच्या बाटलीलाही हेच प्रमाण ठेवा. पाणी मिसळणे फक्त या बाटल्यांपुरते. वर्षाच्या आतील बाळाच्या दुधात हा प्रयोग मुळीच करू नये.

घोटाळा बहुधा आठवड्यानंतर होतो. मूल रडते आणि घरातले कोणीतरी (आमच्याकडे हे काम आजीचे!) दयेपोटी पूर्ण दुधाची बाटली हातात देते, मग मूल रडण्याचा उपयोग शिकते. त्यामुळे रात्री उठणाऱ्या प्रत्येकाला आजचे प्रमाण माहीत असावे. ताप किंवा सर्दी असेल तर त्या दिवसांत आहे तेच प्रमाण चालू ठेवावे, पुढे सरकू नये. बाटलीऐवजी चोखणी मधात बुडवून देणे हा उपाय मुळीच नव्हे, त्याने दातांचे नुकसानच होते.

दंतवैद्याला दात एकदा दाखवाच, रेघ दिसली नाही तरी. पहिली तपासणी खरे तर वर्षाच्या सुमारास व्हायला हवी. “दुधाचे दात पडणारच आहेत” असे कोणी म्हणाले तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, हे त्यांना सांगा.