पहिलीतल्या मुलीसाठी दप्तर: तीनपैकी कोणतं घ्यावं?

प्रश्न: लेक जूनमध्ये पहिलीत जाईल. वय 6, वजन 18 किलो. तीन बॅगा बघून ठेवल्यात. एक चाकांची, एक 18 इंची (दुकानदार म्हणतो चौथीपर्यंत बघायला नको) आणि एक 14 इंची, पुढे लुकलुकणारे दिवे असलेली. लेकीला अर्थातच दिव्यांची हवी आहे. शाळा दुसऱ्या मजल्यावर, सोडायला मी स्कूटरवरून जाते. कोणती घेऊ?

उत्तर:

ताई, माझं बॅगदुरुस्तीचं दुकान आहे. जून-जुलैत समोर दप्तरांचा ढीग असतो, त्यामुळे ती कुठे आणि का फाटतात ते रोज बघतो. चाकांची आणि 18 इंची, दोन्ही घेऊ नका. 14 इंची माप बरोबर आहे, पण तशीच बिनदिव्यांची शोधा.

आधी वजनाचं बघू. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी भरलेल्या दप्तराचं वजन 1.6 ते 2.2 किलो धरलं आहे, आणि मूळ हिशेब मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. तुमच्या लेकीला म्हणजे 1 किलो 800 ग्रॅम. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर मांडून बघा. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली 600 ग्रॅम, पोळीभाजीसकट डबा 350, दोन वह्या 300, एक पुस्तक 200, कंपास 100. झाले 1 किलो 550. रिकाम्या बॅगेला उरले अडीचशे ग्रॅम, आणि 14 इंची चांगली बॅग साडेचारशेच्या आसपास भरते. म्हणजे साध्या बॅगेतही दोनशे ग्रॅम जास्तच होतात. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय असेल तर बाटली अर्ध्याहून थोडी जास्त भरून द्या, तिथेच हिशेब जुळतो. चाकांच्या बॅगा माझ्या काट्यावर रिकाम्याच सव्वा-दीड किलो भरल्यात. शिवाय दुसरा मजला. जिन्यात चाकांचा काही उपयोग नाही, ती बॅग दांडीला धरून एका हाताने ओढत चढवावी लागते आणि मागून येणाऱ्या मुलांच्या पायात येते. त्याच धोरणात चाकांची दप्तरं नकोत असं म्हटलंय, तेही जिन्यामुळेच.

18 इंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘वाढत्या अंगाची’ म्हणून हीच चूक सगळ्यात जास्त होते. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, दप्तर चालत नाही. लेकीला मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावा. या वयात ते माप साधारण 12 ते 14 इंच येतं. बॅगेची उंची त्याच्या आसपास हवी. त्याहून मोठी बॅग मांड्यांवर आपटते, मूल पुढे वाकून चालायला लागतं, आणि कंटाळून बॅग एकाच खांद्यावर टाकतं. फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

मागच्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाची 18 इंची बॅग एका पावसाळ्यात तीनदा माझ्याकडे आली. तिन्ही वेळा उजवा पट्टा वरून उसवलेला. पहिल्यांदा मी होती त्याच रेषेवर शिलाई मारली, ती माझी चूक. त्याच भोकांतून पुन्हा सुई गेली की कापड पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि पुढच्या हिसक्याला सरळ रेषेत फाटतं. तिसऱ्यांदा आतून नायलॉनच्या पट्टीचा तुकडा लावला, त्यावर चौकोन मारून आत फुली मारली, तेव्हा टिकलं. मग आईला विचारलं, फक्त उजवाच का? मुलगा म्हणाला, दोन्ही पट्टे घातले की बसायच्या वेळी बॅग बाकाला अडते. मोठ्या मापामुळे सगळा भार वर्षभर एकाच पट्ट्यावर येत होता. कापड चांगलं होतं, किंमतही कमी नव्हती.

म्हणून 14 इंची घेतानाही दुकानात बॅग आतून उलटी करून बघा. पट्टा पाठीच्या कापडात जिथे शिरतो तिथे एकच शिलाई दिसली तर ठेवून द्या. पट्टीचं टोक आत निदान इंचभर गेलेलं हवं आणि त्यावर चौकोन-फुली किंवा दोन-तीन ओळी हव्यात. मग बॅगेत दोन किलोचं काहीतरी घालायला सांगा, एका पट्ट्याला धरून दहा-बारा हिसके द्या आणि त्या जागी बोटांनी कापड ताणा. टाक्यांमध्ये फट पडून दोरा शिडीसारखा दिसू लागला तर ती बॅग दिवाळीपर्यंतही जाणार नाही. वरची उचलायची मूठही अशीच बघा, शाळेत मुलं बॅग तिलाच धरून ओढतात.

चेन लेकीच्या हाताने उघडायला लावा. तिला वरच्या कोपऱ्याच्या वळणावर थांबावं लागलं किंवा अस्तर चेनीत अडकलं तर रनर लवकर सैल पडणार. रनर पुढे गेला तरी मागे दात उघडेच राहतात, ती हीच खूण. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर काही महिने निघतात.

तुम्ही स्कूटरवर नेता म्हणून हे आवर्जून सांगतो. पट्टे आवळल्यावर खाली जी मोकळी टोकं लोंबतात ती चाकात जाऊ शकतात. माझ्याकडे अशा चिंध्या झालेल्या पट्ट्या आल्यात, त्या बघून अंगावर काटा येतो. टोकं गुंडाळून वर रबर किंवा दोन टाके घाला. आणि स्कूटरवर दप्तर लेकीच्या पाठीवर नको, ते तिला मागे खेचतं. पुढे पायाशी ठेवा.

दिव्यांना माझा विरोध आहे तो आतल्या बटणासारख्या चपट्या सेलमुळे. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, पण दप्तर खेळण्यात धरलं जात नाही, त्यामुळे तिथे आपणच बघायचं. मी उघडलेल्या अशा काही बॅगांत सेलची डबी नुसत्या कापडी खिशात होती, स्क्रू नाही, नखाने उघडेल अशी. हा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. नुसता संशय आला तरी उलटी काढायला जाऊ नका, थेट एक्स-रे असलेल्या दवाखान्यात जा. घरात धाकटं भावंड असेल तर धोका त्याला जास्त. लेक अगदीच हटून बसली तर बॅग घ्या, पण सेल आणि वायर काढून खिसा शिवून टाका. कोणताही बॅगवाला दहा मिनिटांत करून देईल.

बॅग आणल्यावर पुस्तकं पाठीच्या बाजूला, डबा पुढे, असं भरून लेकीला घालायला द्या. तळ कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त गेला तर पट्टे आवळा. मग पंधरा दिवसांनी, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, पट्ट्याची वरची शिलाई पुन्हा एकदा ताणून बघा. दोरा सैल दिसला तर तेव्हाच आणा. त्या वेळी एका पट्टीत काम होतं, फाटल्यावर पाठच बदलावी लागते.