शब्दांच्या मुळाशी जाणारी पुस्तकं

प्रश्न: मराठी आणि संस्कृत शब्दांची आवड आहे. शब्द कुठून आले हे समजण्यासाठी काय वाचू?

उत्तर: आधी ज्यूल ब्लॉक यांचं 'मराठी भाषेचा विकास' वाचा. मूळ फ्रेंच, मराठी अनुवाद वा. गो. परांजपे यांचा. मधले काही भाग रुक्ष आहेत, ते खुशाल ओलांडा. पण ध्वनिबदलांची प्रकरणं सोडू नका. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. प्राकृतात जोडाक्षरातली दोन्ही व्यंजनं एकसारखी होतात, मग मराठीत त्यातलं एक व्यंजन गळतं आणि आधीचा 'अ' दीर्घ होतो. ही चाल एकदा कळली की नुसत्या उच्चारसाम्यावर बेतलेल्या व्युत्पत्त्या लगेच ओळखू येतात.

संदर्भासाठी कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' हाताशी ठेवा, मात्र त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती अंतिम मानू नका. पडताळ्याला टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. तिथे 'हस्त' काढलात तर हिंदी, गुजराती, बंगालीतली भावंडं एकत्र दिसतील. 'जमीन' मात्र तिथे शोधू नका. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' बघा.