मुलांना आधी सांगावं की सगळं ठरल्यावर?

प्रश्न: 'वय ५८. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्यात, मुलगी इथेच मनीषनगरला. ओळखीतल्या एका बाईंना भेटतो आहे, त्यांचेही मिस्टर नाहीत. भेटून घरी आलो की फोटोकडे बघवत नाही. मुलांना कळलं तर काय म्हणतील? सगळं ठरल्यावरच सांगावं का?'

भाऊ, ठरेपर्यंत थांबू नका. मी थांबलो होतो, म्हणून सांगतो.

माझी बायको २०१६ मध्ये गेली. २०१९ मध्ये सेमिनरी हिल्सला सकाळी फिरताना एका बाईंशी ओळख वाढली. पाच-सहा महिने मी घरात कुणालाच काही बोललो नाही. मुलीला कळलं ते आमच्याच कॉलनीतल्या एका बाईंकडून, तेही एका लग्नाच्या पंगतीत. त्या दिवाळीला ती आली नाही. नंतर म्हणाली, 'बाबा, तुम्ही कुणाला भेटता याचं नाही वाटलं मला. मला लोकांकडून कळलं, त्याचं वाटलं.' लपवलेली गोष्ट मुलांना चोरीची वाटते, आणि आईच्या मागे बाबांनी चोरी केली असा अर्थ ती लावतात.

म्हणून परवानगी मागू नका, फक्त सांगा. 'मी एका बाईंना भेटतो, काही ठरलेलं नाही, तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून बोलतोय', इतकं पुरे. पहिल्याच दिवशी त्यांची भेट घालून देऊ नका. मुलं गप्प बसली तर बसू द्या.

माझ्या मुलीचा खरा राग कशावर होता, ते मला फार उशिरा कळलं. एकदा आली तेव्हा ती आईचं कपाट उघडून नुसती उभी राहिली आणि विचारलं, 'आईच्या पाटल्या आता कोणाच्या हातात जाणार?' मला वाटलं, सोन्याचा हिशोब चालला आहे. तसं नव्हतं. आईच्या मनगटावर पाहिलेली वस्तू दुसऱ्या मनगटावर दिसेल, याची तिला भीती होती. त्याच आठवड्यात मी, मुलगा आणि मुलगी अशा तिघांनी बसून यादी केली आणि दागिने मुलगी व सून यांच्यात वाटून टाकले. त्यानंतर तिचा आवाज मऊ झाला.

घराचंही असंच आधी बघून घ्या. आमचा फ्लॅट बायकोच्या नावावर होता आणि मी तो माझाच धरून चाललो होतो. वकिलांनी सांगितलं, हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर नवरा आणि मुलं यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे एक तृतीयांश माझा, बाकी मुलांचा. पुन्हा लग्न केलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर तुमच्या हिश्शात नवी पत्नीही मुलांच्या बरोबरीने वारस होते. मुलांच्या मनात हा प्रश्न असतोच, पण तोंडाने विचारायला त्यांना लाज वाटते. मी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं, नोंदवलं आणि दोघांना वाचायला दिलं. त्यात त्या बाईंसाठीही काय ठेवलं आहे, ते उघड लिहिलं. कुणाची फसवणूक होऊ नये, एवढंच त्यामागे होतं.

आता फोटोचं. पहिल्यांदा धरमपेठेत आम्ही कॉफी प्यायलो, मी खूप दिवसांनी मोठ्याने हसलो, आणि घरी येऊन दिवा लावायला हात उचलेना. बायको दवाखान्यात असताना मी जे करू शकलो नाही, ते सगळं त्या रात्री आठवलं. मग लक्षात आलं, हा अपराधीपणा त्या बाईंमुळे आलेला नाही. तो आधीचाच होता, हसण्याने फक्त वर आला. म्हणून भेटणं थांबवलं तरी तो जात नाही. मी दोन महिने थांबवून पाहिलं आहे.

पितृपक्षात अविधवा नवमीला मी दरवर्षी तिचं करतो. त्या वर्षी या बाईंनी विचारलं, 'त्यांना काय आवडायचं?' मी म्हटलं, गोळाभात. त्यांनी तो करून डबा पाठवला, वरून घालायची हिंगाची फोडणी वेगळ्या वाटीत. मी तो तिच्या फोटोपुढे ठेवला आणि पहिल्यांदा मनावरचं ओझं हललं. समोरचं माणूस तुमच्या बायकोचं नाव सहज काढू देतं का, हे नीट बघा. फोटो उतरवा म्हणणारं असेल तर तिथेच थांबा.

आणखी एक तपासा. संध्याकाळी सातला घर खायला उठतं तेव्हाच त्यांची आठवण येते, की दुपारी बाजारात चांगली संत्री दिसली तरी येते? नुसती सातची असेल तर तुम्हाला सोबत हवी आहे, त्याच हव्यात असं नाही. तेव्हा लग्नाची भाषा इतक्यात काढू नका, त्यांचंही मन त्यात आहे.

मुलगी गावातच आहे, तर तिला या रविवारी एकटीला घरी बोलवा, जावयांशिवाय. आणि मुलाला त्याच रात्री फोन करा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर त्याला बहिणीकडून कळेल.