झेलानंतर पहिल्या बेसवर बाद: फोर्स आऊट की आणखी काही?

प्रश्न: रत्नागिरीकडच्या शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांच्या बातम्या मी लिहितो. बेसला पाय लावून बाद केला की ‘फोर्स आऊट’ आणि अंगाला चेंडू लावून बाद केला की ‘टॅग आऊट’, असं लिहीत आलोय. परवा झेल गेल्यावर एक धावक पहिल्या बेसवर वेळेत परतू शकला नाही, तेव्हाही फोर्स आऊट लिहिलं. त्याच खेळीत तिसऱ्या बेसवरून एक धाव निघाली होती. गुणलेखिका म्हणाल्या, तो फोर्स आऊट असता तर ती धाव धरलीच नसती. मग त्याला काय म्हणायचं? आणि ‘टॅग अप’मध्ये टॅग नेमका कोण कोणाला करतो?

उत्तर:

गुणलेखिकांचं म्हणणं बरोबर आहे. पाय बेसला लागला की चेंडू अंगाला लागला, यावरून हे दोन शब्द ठरत नाहीत. त्या धावकाला आपला बेस सोडून पुढे जाण्याची सक्ती होती का, एवढंच पाहायचं. ही सक्ती एकाच कारणाने येते. बॅटर चेंडू मारून स्वतः धावक होतो, पहिल्या बेसवर त्याचा हक्क लागतो आणि तिथे आधीपासून असलेल्याला जागा खाली करावी लागते. त्याच्या पुढे लागोपाठ आणखी बेस भरलेले असतील, तर तिथल्या धावकांनाही पुढे सरकावं लागतं. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत गाड्या चढताना हेच होतं. मागची गाडी आत येतेय म्हणून पुढचीने सरकायचं. मागची गाडी रांगेतून निघूनच गेली, तर पुढचीला सरकायचं कारण उरत नाही. आणि मध्ये आधीच मोकळी जागा असेल, तर तिच्या पुढच्या गाडीला कोणी हलवत नाही.

म्हणून सक्ती असलेल्या धावकाला क्षेत्ररक्षकाने बेसला पाय लावून बाद केलं तरी तो फोर्स आऊट, आणि धावत असताना वाटेत त्याच्या अंगाला चेंडू लावला तरीही तो फोर्स आऊटच. दुसरा प्रकार आपली बरीच मंडळी टॅग आऊट म्हणून लिहितात. बाद व्हायचा तो झालाच, म्हणून चूक दिसत नाही. ती दिसते ती तो तिसरा बाद असेल आणि त्याच वेळी दुसरा धावक होमवर पोचलेला असेल तेव्हा.

एकच परिस्थिती घेऊन पाहू. एक बाद झालाय. धावक पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर आहेत, दुसरा बेस मोकळा.

बॅटरने शॉर्टस्टॉपकडे सरपटता चेंडू मारला. शॉर्टस्टॉपने तो दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला. दोघेही बाद, डाव संपला. तिसऱ्या बेसवरची मुलगी तोवर होम प्लेट ओलांडून गेली असली तरी धाव नाही. तिसरा बाद फोर्सचा असेल, किंवा बॅटर पहिल्या बेसला पोचण्याआधी बाद झाला असेल, तर त्या खेळीत कोणाचीच धाव धरत नाहीत. कोण आधी पोचलं हे इथे पाहतच नाहीत.

आता तसाच चेंडू पहिल्या बेसवाल्या खेळाडूकडे गेला असं धरा. तिने तो उचलून आधी स्वतःच्याच बेसला पाय लावला. बॅटर बाद, म्हणजे दोन बाद झाले. बॅटरच बाद झाल्यामुळे पहिल्या बेसवरून निघालेल्या मुलीवरची सक्ती तिथेच संपली. ती मागे फिरू शकते. तिला दुसऱ्या बेसवर बाद करायचं तर आता बेसला पाय लावून भागणार नाही, चेंडू तिच्या अंगालाच लावावा लागेल. हा खरा टॅग आऊट. अंगाला चेंडू लागण्याआधी तिसऱ्या बेसवरची मुलगी होमवर पोचली असेल, तर धाव धरायची. शालेय सामन्यांत इथे हमखास घोळ होतो. दुसऱ्या बेसवरची खेळाडू सवयीने बेसला पाय लावते, हात वर करते, आणि धावक आरामात उभी राहते.

तिसरी शक्यता तुमच्या प्रश्नातली. चेंडू उंच गेला आणि सेंटर फिल्डरने झेलला. बॅटर बाद, म्हणजे दोन बाद. झेल होताच मागून ढकलणारं कोणी उरलं नाही, म्हणून फोर्सही उरला नाही. क्रिकेट पाहून मोठी झालेली आपण माणसं इथे अडखळतो, कारण क्रिकेटमध्ये झेल गेला की चेंडू मृत होतो आणि पुढे काही घडत नाही. सॉफ्टबॉल-बेसबॉलमध्ये झेलानंतरही चेंडू जिवंत असतो आणि धावकांना पळता येतं. अट एकच: चेंडूला क्षेत्ररक्षकाचा स्पर्श झाल्यानंतर धावकाने आपल्या मूळ बेसला स्पर्श केलेला असावा आणि मगच तिथून सुटावं. यालाच टॅग अप म्हणतात. म्हणजे इथे टॅग करणारा धावकच असतो, आणि तो करतो स्वतःच्या बेसला. बेसबॉलच्या नियमपुस्तकात या कृतीसाठी ‘रिटच’ असा शब्द आहे, आणि ‘टॅग’च्या व्याख्येत चेंडू हातात ठेवून बेसला स्पर्श करणं आणि धावकाला स्पर्श करणं ही दोन्ही येतात. त्यामुळे ‘टॅग’ या एका शब्दाच्या भरवशावर वाक्य सोडलं की वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

तर पहिल्या बेसवरची मुलगी झेल सुटेल या आशेने पुढे पळाली होती. सेंटर फिल्डरने चेंडू पहिल्या बेसवर फेकला, तिथल्या खेळाडूने ती परतायच्या आत बेसला पाय लावला. तिसरा बाद. दिसायला अगदी फोर्ससारखाच, कारण अंगाला चेंडू लावावा लागला नाही. नियमात मात्र हा अपील प्रकारातला बाद आहे: धावक परतून बेसला शिवली नाही, असं क्षेत्ररक्षण करणारा संघ त्या कृतीतून पंचाला दाखवतो. फोर्स नसल्यामुळे इथे वेळ पाहायची. तिसऱ्या बेसवरची मुलगी नीट टॅग अप करून, पहिल्या बेसवर पाय लागण्याच्या आधी होमवर पोचली असेल, तर धाव धरली जाते. तुमच्या सामन्यात हेच घडलेलं दिसतं.

टॅग अपबद्दल एक गोष्ट किनाऱ्यावरच्या मैदानांसाठी सांगावीशी वाटते. दुपारनंतर खारा वारा सुटला की उंच चेंडू हवेत डगमगतो आणि क्षेत्ररक्षकाच्या हातात दोन-तीनदा उडतो. आपल्याकडची मुलं झेल पक्का होईपर्यंत बेसवर खिळून राहतात. तशी गरज नाही. चेंडूला पहिला स्पर्श झाला त्या क्षणी सुटलं तरी चालतं, मग तो हातात दोनदा उडून शेवटी झेलला गेला तरी. नियम असा नसता, तर क्षेत्ररक्षकाने मुद्दाम चेंडू हातावर उडवत इनफिल्डपर्यंत आणला असता आणि धावक अडकून पडले असते. बेसच्या मागे जाऊन पळत येत, वेगात बेसला पाय लावून पुढे निघणं मात्र चालत नाही. सुरुवात बेसवरूनच हवी.

या सगळ्याचा कस लागला तो 12 एप्रिल 2009 रोजी, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स यांच्या बेसबॉल सामन्यात. डॉजर्सचा एक बाद होता, तिसऱ्या बेसवर आंद्रे ईथियर आणि दुसऱ्यावर हुआन पिएर. बॅटर रँडी वुल्फचा सरळ जोरदार फटका पिचर डॅन हॅरनने हातात घेतला. दोन बाद. दोन्ही धावक फटक्याबरोबर सुटले होते. हॅरनने चेंडू दुसऱ्या बेसकडे फेलिपे लोपेझला दिला. लोपेझने बेसला पाय लावला असता तर तिथेच काम झालं असतं. त्याने पिएरच्या अंगाला चेंडू लावला. तिसरा बाद झाला खरा, पण त्या अवधीत ईथियर होम प्लेट ओलांडून गेला. तो तिसऱ्या बेसवर परतलाच नव्हता.

डायमंडबॅक्सचे खेळाडू डाव संपला म्हणून मैदानाबाहेर गेले. मग डॉजर्सच्या डगआऊटमधून पंचांना नियमाची आठवण करून देण्यात आली आणि ईथियरची धाव धरली गेली. पिएरचा बाद फोर्सचा नव्हता, म्हणून वेळेचा नियम लागला, आणि वेळ ईथियरच्या बाजूने होती. तो टॅग अप न करता पळाला हे खरं, पण तशी तक्रार करणं क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचं काम. पंच ते स्वतःहून देत नाही.

तीन बाद झालेले असताना तक्रार कशी करायची, हा प्रश्न इथे कोणालाही पडेल. करता येते. डायमंडबॅक्सनी चेंडू घेऊन तिसऱ्या बेसला पाय लावला असता आणि ईथियर लवकर सुटल्याचं पंचांना सांगितलं असतं, तर तो चौथा बाद ठरला असता. नियमाप्रमाणे संघाला फायद्याचा बाद तिसरा म्हणून धरता येतो. ईथियरचा बाद पिएरच्या जागी तिसरा म्हणून धरला गेला असता आणि धाव रद्द झाली असती. मुदत मात्र आहे: डावाचा शेवटचा बाद असेल तर पिचर आणि सगळे इनफिल्डर फेअर भाग सोडून जाण्याच्या आत, आणि डाव चालू असेल तर पुढचा चेंडू टाकण्याच्या आत. सॉफ्टबॉलमध्येही हे असंच आहे. फरक इतकाच की तिथे चेंडू मृत असतानाही पंचाला तोंडी सांगून अपील करता येतं.

आता तुमच्या बातमीचं. ‘फोर्स’ हा शब्द तसाच ठेवा, पण जिथे मागच्या धावकामुळे जागा सोडावी लागली तिथेच. ‘टॅग आऊट’साठी ‘चेंडू अंगाला लावून बाद’ इतकं साधं लिहिलं तरी रत्नागिरीच्या वाचकाला कळतं. ‘धावचीत’ मी टाळतो, कारण फोर्स आऊट, टॅग आऊट आणि हा अपीलचा बाद असे तिन्ही त्या एका शब्दात गडप होतात. ‘टॅग अप’साठी ‘बेसला पाय लावून सुटली’ हे मला सगळ्यात नेमकं वाटतं. परवाच्या खेळीचं वाक्य मी असं केलं असतं: ‘सेंटर फिल्डरने झेल घेतला, तिसऱ्या बेसवरची धावक बेसला पाय लावून सुटली आणि होमवर पोचली, त्यानंतर पहिल्या बेसवरची धावक परतण्याआधीच बाद झाली, त्यामुळे धाव ग्राह्य धरण्यात आली.’ यातला ‘त्यानंतर’ काढू नका. निर्णय त्याच्यावर झालेला आहे.